चार आणि आठ

बापू आणि जिजीच्या लग्नाचा अठ्ठेचाळिसावा वाढदिवस होता आणि बापूच्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, गुडघे सकाळपासून ठणकत होते. वर स्वयंपाकघरात भांड्यांचा खणखणाट चालला होता. त्यातून सुटका म्हणून ती खाली दुकानात येऊन बसली. आज दुकान बंद होतं. अर्धवट उघड्या शटरखालून उजेडाची एक पट्टी फरशीवर पडली होती. समोरच्या भिंतीवर नमुन्याच्या पाट्या टांगलेल्या होत्या: पितळी, स्टीलच्या, हल्लीच्या ॲक्रिलिकच्या. वडिलांनी हातोडी-छिन्नीवर सुरू केलेलं हे नावं कोरण्याचं काम बापूने तेजाबावर, म्हणजे ॲसिडवर, नेलं आणि बापूच्या धाकट्याने लेझरवर. अक्काने मात्र तिन्ही पिढ्यांत एकच काम केलं. ती गल्ल्याच्या खुर्चीत बसून गिऱ्हाइकाचं नाव अक्षर-अक्षर विचारून लिहून घ्यायची. एक अक्षर चुकलं की पत्रा भंगारात, हे तिच्या इतकं अंगात मुरलं होतं की तिला स्वप्नंसुद्धा स्पेलिंगसकट पडायची.

जिन्यावर पावलं वाजली. अशी टाचा आपटत एकटी थोरलीच उतरायची. बापूची ही लेक पन्नाशीकडे झुकली होती, एका दवाखान्याचा सगळा कारभार सांभाळत होती, आणि माहेरी आली की इथलाही सांभाळायला बघायची.

"आत्या, तू इथे लपलीस होय! हे वाच आधी." तिने दोन कागद अक्काच्या मांडीवर ठेवले.

अक्काने ते लगेच ओळखले. दरवर्षी लग्नाच्या वाढदिवसाला बापू आणि जिजी मिळून घरच्यांना एक पत्र लिहायचे. बापू पेन्सिलने, जिजी शाईने, त्याच कागदांवर, एकमेकांची वाक्यं तोडत. जेवणं झाली की कुणीतरी ते मोठ्याने वाचायचं. कधी त्यात छत गळल्याची गोष्ट असायची, कधी पहिल्या भांडणाची.

"जेवणानंतर ऐकेनच की. आत्ताच कशाला?"

"कारण ऐकल्यावर तुला वाईट वाटेल. सगळ्यांसमोर. चिंगीच्या होणाऱ्या नवऱ्यासमोर." थोरलीने स्टूल ओढलं. "यंदा आईबाबांनी बेरीजवाल्यांची गोष्ट लिहिली आहे. त्यांनी आईबाबांच्या लग्नाला कसा धोका सांगितला होता, तू कशी घाबरली होतीस, आणि कसं काहीच झालं नाही. तुझं पार हसं केलंय."

अक्का कागदाकडे बघत राहिली. बेरीजवाले. किती वर्षांत त्या माणसाचं नाव कुणी काढलं नव्हतं.

"हे माझ्यासाठी लिहिलंय, कळतंय ना तुला?" थोरली म्हणाली. "चिंगीच्या लग्नात मी आकडे काढले म्हणून. आता मला सांग, मी काय वाईट केलं? माझी लेक एकतीस तारखेची, तो मुलगा सव्वीस तारखेचा. चार आणि आठ. तूच तर म्हणालीस ना, की हे वाईट?"

ते खरं होतं. महिन्यापूर्वी थोरलीने फोन केला तेव्हा अक्का म्हणाली होती, "चार आणि आठ? जपून गं बाई." त्या एका वाक्याच्या जोरावर थोरली एका अंकशास्त्रवाल्या बाईंकडे गेली. आता चिंगीच्या नावात एक जादा ए आणि शेवटी एच घालायचं ठरत होतं, मुलाच्या नावातलं एक अक्षर कमी होणार होतं, आणि दोघं तयार नव्हती. निमंत्रणपत्रिका छापणाऱ्याकडे अडकून पडली होती. मायलेकी आठ दिवस एकमेकींशी कामापुरतंच बोलत होत्या.

"तू फक्त एवढंच म्हण, की मला हे वाचलेलं आवडणार नाही," थोरली हळू आवाजात म्हणाली. "तुझ्या शब्दाबाहेर बाबा जायचे नाहीत. दुसरं काहीतरी वाचू. मागच्या वर्षीचंच वाचू! कुणाच्या लक्षात आहे?"

अक्काने चष्मा लावला. पहिला परिच्छेद वाचला, दुसरा वाचला. दुसऱ्या कागदावर तिचं नाव होतं. तिने कागद घडी करून थोरलीला परत दिले.

"बघते," ती म्हणाली. "जा तू. भाजी लागेल खाली."

थोरली गेली. अक्काला मनापासून दमल्यासारखं झालं. वाईट वाटलं असं नाही. वाईट वाटायलाही थोडी ताकद लागते. पंचाहत्तरी ओलांडल्यावर आपल्याला कुणाच्या तरी बाजूने उभं राहावं लागतंय, आणि ज्याच्या बाजूने उभं राहायचं त्याने आपल्याला काठी म्हणून धरलंय, एवढंच तिला जाणवलं.

*

जेवणं उरकली. माणसं फार नव्हती. बापू आणि जिजी सोफ्यावर, थोरली दारापाशी, धाकटा खिडकीत. चिंगी आणि तिचा सर्व्हेवाला खाली सतरंजीवर बसले होते. जमिनी मोजणं हे त्याचं काम, म्हणून घरात त्याला सगळे सर्व्हेवाला म्हणत. पोरगा अबोल होता. जेवताना त्याने दोनदाच तोंड उघडलं होतं, दोन्ही वेळा "पुरे" म्हणायला.

"कोण वाचणार?" बापूने विचारलं. पंचाहत्तरीला टेकला होता तो; तेजाबाच्या वाफेने आवाज कायमचा घोगरा झालेला.

थोरलीने अक्काकडे पाहिलं. अक्काने तिच्याकडे पाहिलं नाही.

"वाचू दे धाकट्याला," अक्का म्हणाली.

थोरलीच्या ओठांची रेघ झाली. धाकट्याने घसा साफ केला आणि वाचायला लागला. पेन्सिलीची अक्षरं आली की तो बापूचा घोगरा आवाज काढायचा, शाईची आली की जिजीचा ठसका.

'मंडळी, यंदा चार आणि आठ शेजारी शेजारी बसलेत. हे जुने वैरी असे एका बाकावर पुन्हा बसणार नाहीत, निदान आम्ही असेतो तरी. म्हणून त्यांची गोष्ट यंदाच सांगून टाकतो.

'आमच्या दुकानासमोर एक गृहस्थ बसायचे. त्यांना सगळे बेरीजवाले म्हणत. नाव विचारायचे, रोमन अक्षरांत लिहायचे, आणि प्रत्येक अक्षराचा आकडा मांडून बेरीज करायचे. ए, आय, जे, क्यू, वाय यांना एक. बी, के, आर यांना दोन. सी, जी, एल, एस तीन. डी, एम, टी चार. ई, एच, एन, एक्स पाच. यू, व्ही, डब्ल्यू सहा. ओ आणि झेड सात. एफ आणि पी आठ. नऊ कुणालाच नाही; तो म्हणे जुन्या लोकांनी पवित्र म्हणून बाजूला ठेवला. (अहो, तुम्हाला अजून पाठ आहे? - जिजी.) (पाठ नसेल तर काय! त्यांनी सांगितलेल्या बदलाच्या पाट्या कोरूनच तर आपलं घर उभं राहिलं. लोक जादा अक्षर घालून यायचे, आम्ही जादा अक्षराचे पैसे घ्यायचो.)

'त्यांचा नियम असा, की कागदावरचं नाव मोजायचं नाही. लोक ज्या नावाने हाक मारतात, ते मोजायचं. मला सगळे बापू म्हणत. बी दोन, ए एक, पी आठ, यू सहा. झाले सतरा. एक आणि सात आठ. आठ म्हणजे शनी. ते म्हणाले, सतरा आकडा मुळात झकास. सतरावाल्याचं नाव त्याच्यामागे उरतं. पाटीवाल्याला आणखी काय हवं? पण अट एकच: जवळपास चार किंवा आठ नको.

'आणि मी जिजी. जे, आय, जे, आय. चार अक्षरं, चारीला एकेक. बेरीज चार. चार म्हणजे हर्षल. ते म्हणाले, चार आणि आठ एकमेकांना ओढून घेतात आणि मग एकमेकांना बुडवतात. आठव्या वर्षाच्या आत घर दुभंगेल, नाहीतर दोघांतलं एक उरेल. मी म्हटलं, उपाय सांगा. ते म्हणाले, स्पेलिंग बदला. मी घरी येऊन बदलत बसले. शेवटच्या आय-च्या जागी दोन ई घातले. तेरा. म्हणजे पुन्हा चारच. दोन्हीकडे दोन-दोन ई घातले. बावीस. पुन्हा चार! मी चक्रावले. मग डोक्यात प्रकाश पडला. आय जातो तेव्हा एक जातो, दोन ई येतात तेव्हा दहा येतात, वाढले नऊ. आणि नऊ मिळवले तर शेवटची बेरीज हलतच नाही. आय-च्या जागी वाय घातला तर दोघांचाही एकच. मला कसंही लिहिलं तरी मी चारच! (आहेसच तू हट्टी. - बापू.) शेवटी एच लावला असता तर नऊ झाले असते. पण जिजीह् म्हणून कोण हाक मारणार? शिंक आल्यासारखं वाटतं.'

चिंगी हसली. सर्व्हेवालाही हसला. त्याचे दात बरे होते, हे अक्काला आज पहिल्यांदा दिसलं.

'माझ्या, म्हणजे बापूच्या, नावात जादा ए घालायचा तर अठरा होतात. अठरा म्हणजे घरात भांडणं. जादा पी घातला तर पंचवीस, सात, हे चालेल म्हणाले. पण बाप्पू? माझ्या बापाने ठेवलेल्या हाकेत मी दुसरा पी कोरू? मी नाही म्हटलं.

'अक्काला मात्र ही गोष्ट फार लागली. ती लग्नाच्या आदल्या दिवशी रडली. माझे हात धरून म्हणाली, बापू, नको करूस. मी तिला हसलो. लग्न झालं. मग ती वाट बघत राहिली. छत गळलं, अक्का म्हणाली, बघ. माझ्या बुटावर तेजाब सांडलं, अक्का म्हणाली, बघ. दुसरं पोर उशिरा झालं, तरी अक्का म्हणाली, बघ.

'आता मी जिजी. हे खरं आहे, पण एवढंच खरं नाही. आठव्या वर्षी मला कावीळ झाली. तीन महिने मी अंथरुणात होते. अक्का उशाशी. मला पाणी पाजायच्या, थोरलीला न्हाऊ घालायच्या, दुकानही बघायच्या. एकदा मला जाग आली तर त्या माझ्या नाकासमोर हात धरून बसल्या होत्या, श्वास चालू आहे की नाही बघायला. आठवं वर्ष माझ्यापेक्षा जास्त त्यांनी सोसलं. नववं लागलं त्या दिवशी त्या दुपारपर्यंत झोपल्या. अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदा.

'तर अशी ती आठ वर्षं गेली, आणि मग चाळीस गेली. दुभंगलं काही नाही. भांडलो खूप. कुणाचीही बेरीज काहीही येवो, भांडणं तेवढीच झाली असती. आणि एक गंमत: बापूंचे सतरा आणि माझे चार मिळवले की एकवीस होतात. एकवीस म्हणजे, बेरीजवाल्यांच्याच हिशेबाने, मुकुट. ते म्हणाले होते, नवराबायकोची बेरीज करायची नसते. आम्ही केली. - तुमचे बापू आणि जिजी.'

धाकट्याने कागद खाली ठेवला. चिंगीने टाळ्या वाजवल्या. जिजी मात्र अक्काकडे बघत होती, आपण कुठे काही तोडलं तर नाही ना, अशा नजरेने.

"छान," थोरली म्हणाली. "फार छान. पण आई, यात एक घोळ आहे."

"आता काय?" बापूने विचारलं.

"तुमचं नावाचं होतं. नावाचं काय, आज बदलता येतं, उद्या बदलता येतं, नाही बदललं तरी तितकंसं अडत नाही. हिचं जन्मतारखेचं आहे. ही एकतीसची, म्हणजे चार. तो सव्वीसचा, आठ. जन्माचा आकडा कुणाला बदलता येत नाही. तोच खरा. नाव फक्त त्याची धार कमी करायला." ती अक्काकडे वळली. "आत्या, तूच सांग. बेरीजवालेसुद्धा हेच म्हणायचे की नाही?"

"आई, पुरे ना," चिंगी म्हणाली.

"तू गप्प बस. मी आत्याला विचारतेय. तिला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत आहे."

"जास्त माहीत म्हणजे काय," बापू तडकला, "अठ्ठेचाळीस वर्षं समोर दिसतायत तरी तुम्हा दोघींचं आपलं चालूच? अक्का, तू तरी आता कबूल कर की ते सगळं थोतांड होतं!"

"थोतांड कसं? बाबा, तुम्ही त्याच थोतांडाच्या पाट्या कोरल्यात!"

"कोरल्या! पोट होतं!"

"अहो, ओरडू नका," जिजी म्हणाली.

सगळ्यांच्या नजरा अक्कावर. थोरलीची आशेने, बापूची चिडून. अक्काला वाटलं, उठावं आणि आत जाऊन पडावं. पण उठायलाही कुणाचातरी हात लागला असता. ती बसूनच राहिली.

"हो," ती म्हणाली. "म्हणायचे ते. जन्मतारखेला उपाय नाही असंच म्हणायचे."

"बघा!" थोरली म्हणाली.

"थांब गं जरा. मला सांगू दे." अक्काने पदराने चष्मा पुसला, तो परत लावला नाही. "मी बावीसची. दोन आणि दोन चार. तो सतराचा होता. एक आणि सात आठ."



"तो कोण?" बापूने विचारलं.

"आपल्या डावीकडचं घड्याळाचं दुकान आठवतं? तिथे होता तो दुरुस्तीला. काचेच्या आड, डोळ्याला भिंग लावलेला."

"तो? तो तर... अगं, तो माझ्याबरोबर पत्ते खेळायचा!"

"तुझ्याबरोबर खेळायचा, पण यायचा माझ्यासाठी. दोन वर्षं. तुझं लग्न ठरायच्या आधीची गोष्ट. त्याने विचारलं मला. मी म्हटलं, सांगते. आणि वडिलांना सांगायच्या आधी बेरीजवाल्यांकडे गेले. रोज समोर बसायचे, माझ्याकडे पाणी मागायचे. मला वाटलं, घरचाच माणूस. त्यांनी दोघांच्या तारखा विचारल्या. कागदावर आकडे मांडले. मग म्हणाले, बाई, नावाचं असतं तर अक्षर सुचवलं असतं. हे जन्माचं आहे. तुम्ही दोघं एकमेकांना ओढाल, आणि तुमच्यातलं एक मरेल. मी विचारलं, कोण? ते म्हणाले, बहुतेक आठवाला."

चिंगीचा हात तोंडाशी गेला.

"मी मरेन असं म्हणाले असते तर मी केलं असतं लग्न," अक्का म्हणाली. आवाजात रडू नव्हतं; बिल वाचून दाखवावं तशी ती सांगत होती. "तो मरेल म्हटल्यावर काय करणार? मी नाही म्हटलं. कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हसला असता आणि मला पटवलं असतं. तो वर्षभर थांबला. मग दुसऱ्या गावी गेला, घड्याळाच्या कारखान्यात."

"अक्का," जिजी म्हणाली.

"म्हणून तुझ्या लग्नाच्या वेळी मी रडले रे बापू. मला वाटलं, मी एवढं सोडलं ते त्याचा जीव वाचवण्यासाठी, आणि हा हसत हसत तेच संकट विकत घेतोय. आणि मग..." ती थांबली. "मग तुमचं काहीच झालं नाही. मला आनंद व्हायला हवा होता. झालाच. पण प्रत्येक वर्षी, हे पत्र वाचलं की, मनात यायचं की मग माझंही झालं नसतं."



"नंतर त्याने पाटी मागवली होती आपल्याकडूनच," ती पुढे म्हणाली. "पोस्टाने. त्याचं नाव आणि बायकोचं. मीच लिहून घेतली, तूच कोरलीस, तुला काही कळलं नाही. मी बेरीज केली. सुरेख जुळत होतं दोघांचं. बेरीजवाल्यांनी पेढे वाटले असते. दहा-अकरा वर्षांनी पुन्हा पाटी मागवली. या वेळी एकट्याचं नाव. बायको गेली म्हणून लिहिलं होतं."

"मग?" चिंगीने विचारलं.

"मग काय. पाटी करून पाठवली. बिल लावलं."

"एक शब्द लिहिला नाहीस?"

"चाळिशी गाठली होती मी तेव्हा. आणि आकडे तेच होते अजून." अक्काने श्वास सोडला. "थोरले, तू विचारलंस म्हणून सांगते. तुझ्या फोनवर मी जपून म्हटलं ते सवयीने म्हटलं. त्याच्यावर तू पोरीचं लग्न लटकवू नकोस. मला सगळं माहीत आहे, हे खरं. कुठल्या अक्षराला किती, कुठली तारीख कुणाशी भांडते. पण मी मोजलेलं एकदाही बरोबर आलं नाही. तुमचं नाही, त्याचं नाही, माझं नाही. याच्यापेक्षा मी जास्त काय सांगू?"

थोरली दाराला टेकून उभी होती. ती म्हणाली, "आत्या, तू मला हे महिन्यापूर्वी सांगायला हवं होतंस."

"हवं होतं."

"मी तुझ्या भरवशावर त्या बाईंकडे गेले."

"माहीत आहे मला."

थोरली आत गेली. स्वयंपाकघरात नळ सुटला आणि बराच वेळ तसाच वाहत राहिला. जिजी उठून तिच्यामागे गेली. थोड्या वेळाने दोघींचे आवाज ऐकू आले. एकीचा चढा, एकीचा समजुतीचा. मग चढा आवाज खाली आला.

बापू सोफ्यावरून उठला आणि हळूहळू येऊन अक्काच्या शेजारी बसला. पाय पसरायला त्याला वेळ लागला.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू त्या बेरीजवाल्याची टेबलखुर्ची उचलून रस्त्यावर फेकली असतीस."

"फेकली असतीच!"

"मग आपलं गिऱ्हाईक गेलं असतं," अक्का म्हणाली. तिला वाटलं बापू हसेल, पण तो हसला नाही. त्याचे डोळे भरले होते. म्हाताऱ्या माणसांचे डोळे भरायला काही लागत नाही, आणि तरी तिला ते बघवेना.

"मी हसलो होतो तुला," तो म्हणाला. "तू रडत होतीस आणि मी हसलो. आणि हे आत्ता पत्रात लिहिलं, लोकांना वाचून दाखवलं. विनोद म्हणून."

"विनोद चांगला होता. तेजाबाचा बूट मी विसरलेच होते."

"अक्का, थट्टा नको."

"मग काय करू? रडू? मला झोप येतेय बापू. सकाळपासून येतेय."

त्याने तिचा हात धरला. त्याची बोटं खडबडीत होती, जुन्या भाजल्याच्या डागांनी. खिडकीतल्या धाकट्याने सर्व्हेवाल्याला हळूच विचारलं, "चहा घेणार?" आणि तो पुन्हा "पुरे" म्हणाला. मग ओशाळून, "म्हणजे, घेईन," असं म्हणाला. चिंगीला हसू आवरलं नाही.

थोरली बाहेर आली. हात ओले होते, डोळे लाल. तिने पर्समधून फोन काढला आणि सगळ्यांकडे पाठ करून उभी राहिली.

"हॅलो, मी ती पत्रिकेवाली बोलतेय. हो, तीच, चार वेळा बदललेली. आहे तशी छापा. नाही, जादा ए नको. एचही नको. मुलाच्या नावातलंही काही काढू नका. हो, अगदी पहिल्यांदा दिलं होतं तसं. नाही हो, आता नाही बदलणार." तिने फोन ठेवला आणि चिंगीकडे न बघता म्हणाली, "तारीख मात्र मीच ठरवणार. तेवढं तरी राहू दे माझ्याकडे."

"ठरव," चिंगी म्हणाली.

"तुला पटेल अशीच ठरवीन."

"आई, ठरव म्हटलं ना."

समेट असा झाला. त्यांच्या घरात समेट असेच होत. कुणी कुणाच्या गळ्यात पडत नसे, फक्त आवाज खाली यायचे.

*

चहा झाला. सर्व्हेवाला निघाला. जाताना तो अक्काच्या पाया पडायला वाकला, मधेच गोंधळला, आणि नुसता हात जोडून गेला. चिंगीने अक्काला दंडाला धरून उठवलं आणि मागच्या खोलीत नेलं. खाटेवर बसवलं, पाय वर घेतले, अंगावर चादर टाकली. खिडकीतून दुपारचं उतरतं ऊन तिच्या पायांवर पडलं होतं. दुखणाऱ्या गुडघ्यांना ते बरं वाटलं.

"पडदा ओढू?"

"राहू दे."

चिंगी खाटेच्या कडेला बसली. तिला काहीतरी विचारायचं होतं आणि ती धीर करत होती, हे अक्काला न बघताही कळत होतं.

"अक्काआजी, ते आहेत अजून?"

"काय माहीत. असतील. त्याच्या घरात सगळे म्हातारे होऊन मेले."

"शोधू आपण? हल्ली सापडतात माणसं."

"नको गं. सापडला तर काय बोलणार? घड्याळ बंद पडलंय म्हणून सांगू?" अक्का डोळे मिटून थोडं हसली. "मला आता कुणाला काही सांगायचं नाहीये. आज बोलले तेवढं खूप झालं."

"बरं." चिंगीने चादर सारखी केली. "त्यांचं नाव काय होतं?"

अक्काने डोळे उघडले. ते नाव तिने दोनदा लिहिलं होतं, अक्षर-अक्षर, न चुकता. तोंडाने किती वर्षांत उच्चारलं नव्हतं. तिने ते सांगितलं, आडनावासकट. आवाज जरा चिरकला, म्हणून पुन्हा एकदा नीट सांगितलं.

"छान आहे नाव," चिंगी म्हणाली.

"आहे ना?" अक्का म्हणाली, आणि भिंतीकडे कूस वळवून झोपली.